आकाश निळे का दिसते? मुलांसाठी दहा स्लाइडचे प्रश्नोत्तरी कॅरोसेल, पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या फाइलपर्यंत

हवेचे रेणू तांबड्यापेक्षा निळा प्रकाश जास्त विखुरतात, म्हणून आकाश निळे दिसते. उत्तर एका वाक्याचे आहे आणि बरोबरही आहे. पण पाचवी ते सातवीच्या मुलांपुढे ते ठेवले की तीन शंका लगेच निघतात. जांभळा तर निळ्याहूनही जास्त विखुरायला हवा, मग आकाश जांभळे का नाही? ढग त्याच आकाशात असतात, ते पांढरे कसे? आणि संध्याकाळी कोल्हापूरच्या रंकाळा तलावावर तेच आकाश तांबडे का होते? बहुतेक कॅरोसेल या तीन शंकांच्या अलीकडेच थांबतात. मूल वाक्य पाठ करते, समजत मात्र काहीच नाही.

म्हणून चित्रे काढण्याआधी प्रश्नांची साखळी बांधावी. नियम एकच: प्रत्येक स्लाइडच्या उत्तरातून पुढच्या स्लाइडचा प्रश्न आपोआप निघाला पाहिजे. तो निघत नसेल तर मधली एक पायरी गाळली आहे किंवा क्रम चुकला आहे असे समजावे. खाली दहा स्लाइडची अशी एक साखळी पूर्ण मजकुरासह दिली आहे. प्रश्न मुलांच्या बोलण्यात आहेत, उत्तरे साध्या बोली मराठीत. उत्तर तीस शब्दांच्या आसपास ठेवावे. त्यापुढे गेले की अक्षर लहान करावे लागते, आणि लहान अक्षर मुले वाचत नाहीत, पुढे सरकवतात.

पहिली स्लाइड मुखपृष्ठाची. तिच्यावर नुसते "आकाश निळे का?" लिहिले तर मुलांना वाटते उत्तर माहीत आहे: समुद्राचे प्रतिबिंब पडते म्हणून. हा गैरसमज फार घट्ट बसलेला असतो, मोठ्यांच्याही डोक्यात. कोल्हापुरात त्याला पहिल्याच ओळीत धक्का देता येतो:

"रत्नागिरीचा समुद्र इथून शंभर किलोमीटरहून लांब. मग कोल्हापूरचं आभाळ निळं कसं?"

या स्लाइडवर उत्तर द्यायचे नाही. चित्रात खाली पन्हाळ्याची तटबंदी किंवा रंकाळ्याचा काठ आणि वर मोठे मोकळे आकाश एवढे पुरे. आकाश एकाच निळ्या रंगाने भरू नये. डोक्यावरचा भाग गडद आणि क्षितिजाकडे फिका पांढरट होत जाणारा काढावा, कारण खरे आकाश तसेच असते. क्षितिजाकडे पाहताना नजर खूप जास्त हवेतून जाते. तिथला प्रकाश पुन्हा पुन्हा विखुरला जाऊन सगळे रंग एकमेकांत मिसळतात, त्यामुळे निळेपणा उतरतो.

दुसरी स्लाइड: "म्हणजे हवाच निळी आहे का?"

"नाही. तुझ्या वर्गात हवा भरलेली आहे, पण फळा निळा दिसत नाही. हवेला स्वतःचा रंग नाही. मग आभाळातला निळा रंग येतो तरी कुठून? दिवसा आभाळात उजेड कोणाचा असतो?"

ही पायरी गाळायचा मोह होतो, पण गाळू नये. "हवा निळी आहे, पण थोडी असली की कळत नाही" असा तर्क हुशार मुले करतात. त्यांना या स्लाइडवर अडवले नाही तर पुढचे सगळे त्यांच्या डोक्यात रंगीत पाण्यासारखे बसते. चर्चेत एवढेच विचारावे: हवा रंगीत काचेसारखी निळी असती, तर तिच्यातून पाहताना मावळता सूर्य आणखी निळा दिसला असता. तो तर तांबडा दिसतो.

तिसरी स्लाइड: "सूर्याचा प्रकाश पांढरा, मग त्यात निळा कुठला?"

"पांढऱ्या उजेडात सगळे रंग मिसळलेले असतात. पावसात इंद्रधनुष्य दिसतं तेव्हा ते वेगळे होतात: तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा."

तानापिहिनिपाजा मुलांना येत असते, त्यामुळे इथे रेंगाळायचे नाही. चित्राचे मात्र एक पथ्य आहे. मुलांच्या चित्रांत सूर्य पिवळाधमक किंवा नारिंगी असतो, आणि तयार चित्रसंग्रहांतही तोच मिळतो. प्रकाश पांढरा असे सांगताना शेजारी नारिंगी सूर्य असेल तर चित्र आणि वाक्य एकमेकांच्या विरुद्ध बोलतात. या आणि पुढच्या तीन स्लाइडवर सूर्य पांढरा काढून त्याला फिकट पिवळी कड द्यावी. नारिंगी सूर्य संध्याकाळच्या स्लाइडसाठी राखून ठेवावा.

चौथी स्लाइड हा सगळ्याचा कणा आहे. "हवा या उजेडाचं करते काय?"

"हवेचे रेणू डोळ्यांना न दिसणारे, अगदी बारीक. त्यांच्यावर पडलेला थोडा उजेड वाट बदलतो आणि चहूकडे पसरतो. याला विकिरण म्हणतात. सगळेच रंग विखुरतात, पण निळा जास्त."

यातले "सगळेच रंग" हे दोन शब्द काढू नयेत. "फक्त निळा रंग विखुरतो" असे लिहिलेली कॅरोसेल पुष्कळ दिसतात, आणि ते चूक आहे. आकाशातून आपल्याकडे येणाऱ्या प्रकाशात तांबडाही असतो, हिरवाही असतो. निळ्या बाजूचा वाटा मोठा असतो एवढेच. म्हणून तर आकाशाचा निळा शाईसारखा गर्द नसून दुधाळ असतो.

इथे आणखी दोन चुका नेहमी घुसतात. पहिली, "हवेतल्या धुळीमुळे आणि बाष्पामुळे आकाश निळे दिसते." एकोणिसाव्या शतकात जॉन टिंडल यांनी बारीक कणांवर प्रयोग केले, तेव्हा आकाशाच्या निळेपणामागे असेच कण असावेत असे वाटत होते. १८७१ मध्ये लॉर्ड रॅले यांनी विकिरणाचे गणित मांडले, आणि पुढे स्पष्ट झाले की स्वच्छ हवेचे रेणूच हे काम करतात. धूळ उलट निळेपणा घालवते. कोल्हापुरात याचा पुरावा दरवर्षी मिळतो. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर ऑक्टोबरात आकाश गर्द निळे असते आणि एप्रिल-मेच्या धुरकट दुपारी तेच पांढरट होते. दुसरी चूक चित्रातली: रेणूवर किरण आपटून चेंडूसारखा एकाच दिशेला उडालेला दाखवतात. ते परावर्तन झाले, आरशाचे काम. विकिरणात एका रेणूपासून बाण सगळ्या दिशांना गेले पाहिजेत. एक पांढरा जाड बाण डावीकडून येतो, मध्ये रेणूचा ठिपका, त्यातून आठ दिशांना बारीक निळे बाण आणि तीन-चार दिशांना त्याहून बारीक तांबडे बाण. मूळ जाड बाण जवळजवळ तसाच पुढे जातो. तो पुढे जाताना दाखवायला विसरू नये, कारण बहुतेक प्रकाश न अडता सरळच येतो आणि संध्याकाळच्या उत्तराला त्याचीच गरज आहे.

पाचवी स्लाइड: "निळाच जास्त का?"

"प्रकाश लाटांसारखा चालतो. तांबड्याची लाट लांब, निळ्याची आखूड. लाट जितकी आखूड, तितकी ती बारीक रेणूंकडून जास्त विखुरते. निळा प्रकाश तांबड्यापेक्षा पाच-सहा पट जास्त विखुरतो."

शिक्षकांनी हा आकडा एकदा स्वतः काढून बघावा. विकिरण लाटेच्या लांबीच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. तांबड्याची तरंगलांबी ७०० नॅनोमीटर आणि निळ्याची ४५० धरली तर गुणोत्तर १.५६ येते. त्याचा वर्ग साधारण २.४, आणि त्याचाही वर्ग केला की ६ च्या जवळ. तांबडा ६५० धरला तर उत्तर सव्वाचारच्या पुढे जाते. म्हणजे तांबडा नेमका कुठला धरता यावर आकडा थोडा हलतो, म्हणून स्लाइडवर "सुमारे पाच पट" किंवा "पाच-सहा पट" असेच लिहावे. काही ठिकाणी "दहा पट" दिसते. तो जांभळ्याचा हिशेब आहे: ४०० आणि ७०० घेतले की नऊच्या वर जातो. निळ्याच्या नावावर तो खपवू नये.

चित्रात दोन लाटा एकाखाली एक काढाव्यात आणि त्यांचे प्रमाण खरे ठेवावे. निळ्याची लाट ९० पिक्सेलची असेल तर तांबड्याची १४०. रेणू मात्र या प्रमाणात काढताच येत नाही, कारण तो लाटेपेक्षा हजार पटींहूनही लहान असतो. ठिपका काढून खाली बारीक अक्षरात "रेणू मोठा करून दाखवला आहे" अशी ओळ टाकावी.

आता ज्या प्रश्नावर बाकीची कॅरोसेल गप्प असतात तो. सहावी स्लाइड: "मग जांभळं का दिसत नाही? त्याची लाट तर सगळ्यात आखूड!"

"बरोबर, जांभळा आणखी जास्त विखुरतो. पण सूर्याच्या उजेडात तो निळ्यापेक्षा कमी असतो, आणि आपल्या डोळ्यांना तो मंद दिसतो. सगळ्या रंगांची बेरीज डोळ्यांना निळी वाटते."

दोन कारणे आणि एक बेरीज, एवढेच. डोळ्यातल्या शंकूपेशींचे तीन प्रकार असतात आणि आकाशातून येणारे मिश्रण त्यांना जसे उद्दीपित करते, जवळजवळ तसेच निळा आणि पांढरा प्रकाश एकत्र आल्यावरही करतो. म्हणून आपल्याला फिका निळा दिसतो. सातवी-आठवीच्या वर्गात हे तोंडी सांगता येते. स्लाइडवर घातले तर ती भरून जाते. "बरोबर" हा पहिला शब्द मात्र राहू द्यावा. मुलाचा तर्क खरा होता हे त्याला कळायला हवे.

सातवी स्लाइड: "संध्याकाळी रंकाळ्यावर आभाळ तांबडं का होतं?"

"सूर्य खाली गेला की त्याचा उजेड तिरका येतो आणि कितीतरी जास्त हवेतून येतो. वाटेतच निळा विखुरून संपतो. उरतो तो तांबडा-नारिंगी."

"जास्त हवा" म्हणजे किती, हे मुले विचारतातच. सूर्य अगदी क्षितिजावर असताना त्याचा प्रकाश सूर्य डोक्यावर असतानापेक्षा सुमारे ३८ पट हवा ओलांडून येतो. कोल्हापुरात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हाची तुलना घ्यावी. हवा अगदी स्वच्छ मानली तर अशा दुपारी निळ्या प्रकाशाच्या शंभर वाट्यांपैकी ऐंशीच्या आसपास सरळ खाली पोचतात, तांबड्याचे शहाण्णव. म्हणून दुपारचा सूर्य पांढराच दिसतो. आता हाच हिशेब ३८ वेळा लावा. तांबड्याचा साधारण पाचवा हिस्सा टिकतो, निळ्याचा हजारात एकही नाही. कॅल्क्युलेटरवर ०.८ ला ०.८ ने गुणत राहिले की सातवीचे मूलही हे स्वतः पाहू शकते, आणि एवढी ठळक घसरण पाहिल्यावर शब्दांत फार समजवावे लागत नाही.

या स्लाइडचे चित्र काढताना वातावरणाचा थर जाड दाखवावाच लागतो. पृथ्वीची त्रिज्या ३०० पिक्सेल घेतली तर ज्या ३० किलोमीटरच्या थरात जवळजवळ सगळी हवा आहे तो दीड पिक्सेलसुद्धा भरत नाही. थर ६० पिक्सेल करा, पण खाली "चित्र प्रमाणात नाही" लिहा. नाही लिहिले तर मुले वातावरण पृथ्वीच्या त्रिज्येच्या पाचव्या भागाएवढे जाड असते असेच लक्षात ठेवतात. आणि याच स्लाइडवर, खालच्या पट्टीत, ठळक अक्षरांत: सूर्याकडे थेट बघू नये, मावळतीलाही नाही.

आठवी स्लाइड ढगांची. "ढग पण आभाळातच, मग ते पांढरे का?"

"ढगात पाण्याचे थेंब असतात. ते रेणूंपेक्षा खूपच मोठे. मोठे थेंब सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून ढग पांढरा. ढग जाड असला की उजेड खाली कमी पोचतो आणि तो काळा दिसतो."

ढगातला थेंब मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढा असतो, म्हणजे प्रकाशाच्या लाटेच्या वीसेक पट. इथे निळ्याला खास वागणूक मिळत नाही. निळेपणासाठी कण लाटेपेक्षा बराच लहान असावा लागतो, ही अट या स्लाइडवर प्रथमच उघड होते आणि नवव्या स्लाइडचा प्रयोग तिच्यावरच उभा आहे.

नववी स्लाइड: "घरात आभाळ करता येईल का?" काचेचे सरळ भिंतीचे उंच भांडे, एक लिटर पाणी, पांढऱ्या उजेडाचा टॉर्च आणि दूध. स्लाइडवर चार पायऱ्या एवढ्याच लिहाव्यात: पाणी भरा, साय काढलेल्या दुधाचे दोन थेंब घालून ढवळा, खोली अंधारी करून एका बाजूने टॉर्च लावा, बाजूने आणि समोरून बघा. बाजूने पाणी निळसर दिसते. टॉर्चच्या समोर पांढरा कागद धरला तर त्यावरचा उजेड पिवळसर-नारिंगी होतो. थेट टॉर्चमध्ये डोळे घालण्यापेक्षा कागदच बरा.

प्रयोग सोपा दिसतो, पण पहिल्या फटक्यात तो बहुतेक वेळा बिघडतो आणि पाणी नुसते पांढरे दिसते. कोल्हापुरात तर हमखास, कारण इथे घराघरांत म्हशीचे दाट दूध असते. दूधकट्ट्यावर प्यायला ते उत्तम, प्रयोगाला वाईट. दुधात दोन प्रकारचे कण असतात. केसिन प्रथिनाचे कण प्रकाशाच्या लाटेपेक्षा लहान असतात, ते निळा जास्त विखुरतात. स्निग्धाचे गोळे मोठे असतात, ते ढगातल्या थेंबासारखे सगळे रंग विखुरतात. म्हशीच्या दुधात स्निग्धांश जास्त, म्हणून निळेपणा झाकला जातो. उपाय असा: दूध तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावे, सकाळी साय पूर्ण काढून गाळणीतून गाळून घ्यावे, आणि भांड्याच्या तळाकडचे दूध ड्रॉपरने वापरावे. स्किम्ड दुधाची पिशवी किंवा पावडर मिळाली तर तीच सगळ्यात चांगली.

प्रमाण थेंबांत मोजावे. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. एक लिटर पाण्यात दोन थेंबांनी सुरुवात करावी, ढवळून बघावे, मग दोन-दोन थेंब वाढवत जावे. भांडे किती लांब आहे आणि दूध कसे आहे यावर पाच ते वीस थेंबांच्या मध्ये कुठेतरी रंग येतो. पुढे गेलात तर बाजूचा निळा जाऊन पांढरा होतो. तसे झाले की दूध जास्त पडले. निम्मे पाणी ओतून तेवढेच साधे पाणी घालावे. रंग दिसत नसेल आणि पाणीही स्वच्छ असेल, तर उजेडाला पुरेसे अंतर मिळत नाही. टॉर्च भांड्याच्या रुंदीतून न लावता उंचीतून, म्हणजे तळाखालून वर लावावा. वीस-पंचवीस सेंटिमीटर पाणी मिळाले की वरच्या कागदावरचा पिवळा ठळक होतो. मागे काळा कार्डपेपर ठेवावा. पांढऱ्या भिंतीसमोर हा निळा हरवतो. टॉर्च जुना, पिवळ्या बल्बचा असेल तर त्याच्या उजेडात मुळातच निळा कमी असतो; मोबाइलचा टॉर्च चालतो.

कॅरोसेलसाठी याचा फोटो लागतो आणि तिथे मोबाइल दगा देतो. डोळ्यांना निळसर दिसणारे पाणी फोटोत राखाडी येते, कारण कॅमेरा आपणहून रंग सारखे करतो, पांढरा पांढरा दिसावा म्हणून. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये जाऊन व्हाइट बॅलन्स ५००० ते ५५०० केल्विनवर पक्का करावा. बाजूचा आणि समोरचा असे दोन्ही फोटो त्याच सेटिंगवर घ्यावेत. एक्स्पोजर थोडे कमी केले तर मधला पट्टा जळत नाही. नंतर रंग वाढवून निळा गडद करू नये. मुलांनी घरी केले की त्यांना फिकाच निळा दिसणार आहे, आणि फोटोत गर्द असेल तर त्यांना आपलाच प्रयोग चुकला असे वाटते.

दहावी स्लाइड प्रश्नाची, उत्तराविना. चंद्राचा प्रश्न इथे सहज जमतो: "चंद्रावर हवा नाही. मग तिथे भर दुपारी आभाळ कोणत्या रंगाचं?" काळ्या, हे साखळी नीट समजलेले मूल लगेच सांगते. पण कोल्हापूरच्या मुलांसाठी याहून चांगला प्रश्न गुऱ्हाळावर मिळतो:

"गुऱ्हाळाच्या धुराड्यातून विरळ झालेला धूर झाडांसमोर निळसर दिसतो. काहिलीवरची वाफ मात्र पांढरी. असं का?"

उत्तरासाठी चौथी आणि आठवी स्लाइड एकत्र आणावी लागतात. विरळ धुरातले कण फार बारीक, म्हणून निळा जास्त विखुरतो. वाफेत पाण्याचे थेंब तयार झालेले असतात, मोठे, म्हणून पांढरी. धुराड्याच्या तोंडाशी असलेला दाट धूर काळा-राखाडी असतो, तो या प्रश्नात धरायचा नाही. प्रश्नातला "विरळ" शब्द म्हणून महत्त्वाचा. कोणी "धुराचा रंगच निळा" असे उत्तर दिले, तर तोच धूर उजळ आकाशासमोर पाहायला सांगावे. तिथे तो पिवळट-तपकिरी दिसतो, कारण मागून येणाऱ्या उजेडातला निळा त्याने बाजूला फेकलेला असतो.

कॅरोसेल २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी असेल तर चंद्रशेखर वेंकट रामन यांची स्लाइड घालायची इच्छा होते. घालावी, पण "आकाश निळे का हे रामन यांनी शोधले" असे लिहू नये. आकाशाच्या निळ्याचे स्पष्टीकरण रॅले यांचे. रामन यांनी १९२१ मध्ये समुद्रप्रवासात भूमध्य समुद्राचा निळा पाहून, तो केवळ आकाशाचे प्रतिबिंब नाही, पाणीही प्रकाश विखुरते हे दाखवले. १९२८ मध्ये सापडलेला रामन परिणाम आणखी वेगळा आहे: त्यात विखुरलेल्या प्रकाशाच्या अगदी थोड्या भागाची तरंगलांबीच बदलते. आकाशाच्या निळ्यात रंग बदलत नाही, फक्त वाटणी बदलते. ही स्लाइड दहाव्या प्रश्नाच्या आधी ठेवावी, मुखपृष्ठावरच्या समुद्राशी तिचा धागा जुळतो.

आता मांडणी. प्रत्येक स्लाइड १०८० बाय १३५० पिक्सेलची उभी. प्रश्न ७२ ते ८० पिक्सेलचा, उत्तर ४४ च्या खाली नको. वर्गात प्रोजेक्टरवर हीच उभी स्लाइड आडव्या पडद्याची निम्मीही रुंदी भरत नाही, त्यामुळे मोबाइलवर ठीक वाटणारे ३० चे अक्षर मागच्या बाकावरून वाचताच येत नाही. पार्श्वभूमी फिकट मळकट पांढरी ठेवावी. विषय निळ्याचा म्हणून सगळी स्लाइड निळी केली तर निळे बाण त्यातच बुडतात.

देवनागरीची काळजी वेगळी घ्यावी लागते. टायरो देवनागरी मराठी या टाइपात ल आणि श मराठी वळणाचे येतात. मुक्ता आणि बालू जाड मथळ्यांना चांगले. अक्षरांमधले अंतर शून्यच ठेवावे, वाढवले की शिरोरेषा तुटते. ओळींमधले अंतर १.४ पट, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. टाइप तपासायला "गुऱ्हाळ", "दुसऱ्या" आणि "सूर्य" हे तीन शब्द लिहून बघावेत. पहिल्या दोन्हींत आडवा र दिसला पाहिजे, तिसऱ्यात वर रफार. दुसऱ्याचे "दुसर्या" झाले असेल तर साध्या र ऐवजी ऱ टाइप करून मग हलन्त आणि य द्यावा.

छापण्याआधी किंवा पाठवण्याआधी चाचणी घ्यावी. पाचवीतल्या दोन-तीन मुलांना एकेक स्लाइड दाखवून पुढची झाकून ठेवायची आणि "आता काय विचारावंसं वाटतं?" एवढेच विचारायचे. पुढच्या स्लाइडचा प्रश्न त्यांच्या तोंडून आला तर तो जोड पक्का. भलताच आला तर उत्तरातला शेवटचा वाक्यांश बदलावा; बहुतेक वेळा दोष तिथेच असतो. पाचव्या स्लाइडनंतर जांभळ्याचा प्रश्न कोणी विचारलाच नाही, तर तिसऱ्या स्लाइडवरचा रंगांचा क्रम मुलांच्या नजरेतून निसटला आहे. पाचव्या स्लाइडच्या कोपऱ्यात सात रंगांची छोटी पट्टी पुन्हा काढली की तो येतो.

पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर चित्रे सुटी पाठवली की काहींच्या मोबाइलवर क्रम उलटासुलटा होतो, आणि या साखळीत क्रम गेला तर सगळेच गेले. प्रत्येक स्लाइडच्या कोपऱ्यात "४/१०" असा आकडा घालावा आणि फाइलची नावे 01, 02 अशी द्यावीत, कारण 1 आणि 10 शेजारी लागतात. शाळेसाठी सगळ्या स्लाइडची एकच पीडीएफ करून ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रात अक्षरांच्या कडा आणि पाचव्या स्लाइडवरच्या बारीक लाटा पुसट होतात.